कॅमेरा नव्हे, विमान

लायसन्सचं खूळ फोटोग्राफरच्या डोक्यात हौसेनं शिरलं नव्हतं, भीतीनं शिरलं होतं. त्याच्याच एका व्यवसायबंधूने कुणाच्या तरी लग्नात ड्रोन उडवला. पोलिसांनी आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि सर्टिफिकेट मागितलं. व्यवसायबंधूने खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. त्या दिवशी नवरीच्या आधी ड्रोनचीच पाठवणी झाली, ती थेट चौकीत. ही बातमी ज्या सकाळी स्टुडिओत पोचली, त्या सकाळी फोटोग्राफरने आपला ड्रोन कपाटातून काढला, पुसला आणि पुन्हा कपाटात ठेवून वर टॉवेल टाकला.

‘‘टॉवेलनं काय होणार?’’ बायको संगणकावरून मान न वळवता म्हणाली. स्टुडिओतले अल्बम तीच जुळवायची, गिऱ्हाइकांशी तीच बोलायची, आणि नवऱ्याच्या अशा हालचाली तिला पाठमोरी बसूनही दिसायच्या.

फोटोग्राफरही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. दोन-तीन वर्षं त्याने ड्रोन उडवला होता. हौस म्हणून, आणि हौसेचे पैसे घेऊन. तेवढ्यात टेकडीवरच्या नव्या हॉटेलचा फोन आला. त्यांना जाहिरातीची फिल्म हवी होती आणि पुढं वर्षभराचं कामही द्यायचं होतं. मॅनेजरबाईंनी त्याची जुनी कामं पाहिली होती, आवडलीही होती. पण फोन ठेवताना त्यांनी विचारलं, ‘‘पायलट कोण आहे तुमच्याकडे? त्यांचं सर्टिफिकेट, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, विम्याचे कागद आणि उड्डाणाची परवानगी, एवढं आधी पाठवा. त्याशिवाय आमचं ऑफिस गेटच्या आत सोडणार नाही.’’

भाड्याने पायलट मिळत होते. बायकोने तसं सुचवूनही पाहिलं. पण तो विचारच त्याला सोसवेना. उभा जन्म त्याने स्वतःची फ्रेम स्वतः लावली होती. आता कुणी परका बटणं दाबणार आणि हा बाजूला उभा राहून ‘जरा डावीकडे, जरा वर’ म्हणणार? म्हणजे स्वतःच्या लग्नात वाढप्याचं काम करण्यासारखंच झालं.

‘‘मीच होतो पायलट,’’ तो म्हणाला.

‘‘व्हा,’’ बायको म्हणाली. ‘‘गाडी तेवढी सांभाळून लावायला शिका आधी.’’

हा टोमणा जुना होता. त्यांच्या गाडीची डावी बाजू पाहिली तर कुणालाही दया यावी. दारावर ओरखडे, मडगार्डला पोचे, आणि आरसा तर इतक्यांदा बदललेला की गॅरेजवाला आता तो न विचारताच आणून ठेवायचा. शेवटी बायकोनेच स्टिअरिंग हातात घेतलं होतं. ‘‘मी कलावंत आहे, माझं लक्ष दुसरीकडे असतं,’’ असं तो चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायचे. तोही हसायचा.

प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी वैद्यकीय दाखला लागत होता. तो त्याने घराजवळच्या डॉक्टरांकडून आणला. हे डॉक्टर त्याच्या शाळेतले, एका बाकावरचे. पण मैत्रीखातर त्यांनी डोळे झाकून सही केली, असं कुणी म्हणू नये. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती ऐकली, फिट येते का, चक्कर येते का, झोपेची कुठली गोळी चालू आहे का, हे सगळं विचारलं. रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एकेक डोळा झाकून वाचून घेतला. फोटोग्राफरने शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली, आणि वर तक्त्याच्या छपाईला नाव ठेवलं.

‘‘घारीचे डोळे आहेत लेका तुझे,’’ डॉक्टर म्हणाले आणि शिक्का मारला.

प्रशिक्षण संस्था शहराबाहेर होती. एक पत्र्याची लांब शेड, तिच्यात वर्गाची खोली, आणि पुढं गवत कापलेलं मोठं मैदान. बायको त्याला सोडायला यायची आणि परतायचा हेलपाटा नको म्हणून शेडमध्येच लॅपटॉप उघडून अल्बम जुळवत बसायची. शिकवणाऱ्या मॅडम वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या, बारीक अंगाच्या, आणि आवाज मात्र असा की पाखरंही शिस्तीत उडावीत. नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत त्या पडत नसत. ‘शेतीवाले’ होते, ते पिकावर फवारणी करणार होते. ‘मोजणीवाले’ होते, ते जमिनीचे नकाशे करणार होते. हा अर्थातच ‘फोटोवाले’ झाला.

पहिल्याच तासाला मॅडमनी एकेकाला विचारलं, तुम्ही काय उडवायला आलात? फोटोवाल्याची पाळी आली तेव्हा तो ऐटीत म्हणाला, ‘‘उडता कॅमेरा.’’

‘‘चुकलं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘विमान. लहान असलं तरी विमान. त्याच्या खाली लोक असतात, वर खरी विमानं असतात. कॅमेरा त्याला लटकलेला आहे, बस. जो या मैदानात विमानाला कॅमेरा म्हणेल, तो सगळ्यांना चहा पाजेल.’’

त्या आठवड्यात सर्वांत जास्त चहा फोटोग्राफरने पाजला.

वर्गातला भाग मात्र त्याला, कधी नव्हे ते, आवडून गेला. आपण इतकी वर्षं काय करत होतो हे कळून अंगावर काटाही आला. आकाशाचा नकाशा असतो हे त्याला माहीत नव्हतं. हिरव्या भागात ठरलेल्या उंचीपर्यंत उडवता येतं, पिवळ्या भागात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि लाल भागात जायचं नाव काढायचं नाही. उड्डाण करण्याआधी दर वेळी तो नकाशा नव्याने बघायचा, कारण रंग बदलतात. प्रत्येक यंत्राची नोंदणी हवी, तिचा क्रमांक यंत्रावर दिसला पाहिजे, विमा हवा, ज्याच्या जागेवरून उडणार त्याची लेखी संमती हवी. जमलेल्या लोकांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. इथं फोटोग्राफरने मान खाली घातली, कारण त्याची सगळ्यात गाजलेली दृश्यं डोक्यांवरूनच घेतलेली होती. वारा, बॅटरी, पाऊस, पक्षी, सगळ्यावर मॅडम बोलल्या. आणि माणसं बसलेलं कुठलंही विमान वा हेलिकॉप्टर जवळ आलं, तर आपण आधी खाली यायचं, तिथं वाद नाही.

‘‘आणि एक शेवटचं,’’ मॅडमनी खडू ठेवत सांगितलं. ‘‘विमान तुमच्या नजरेत हवं. स्क्रीनवर नाही, नजरेत. या डोळ्यांनी, आकाशात, सतत. स्क्रीनवर नजर टाकायची ती गाडीच्या आरशात टाकता तेवढीच.’’

लेखी परीक्षेत तो चांगल्या गुणांनी पास झाला. संगणकावरच्या खोट्या उड्डाणात तर वर्गात पहिला आला. त्या संध्याकाळी गाडीत त्याची मान इतकी ताठ होती की बायकोने विचारलं, टपाला तर लागत नाही ना?

मग मैदान सुरू झालं आणि ताठ मान हळूहळू खाली आली.

यंत्र वर चढायचं, पुढं जायचं, परत यायचं, तोवर सगळं झकास. चौकोनात फिरवायला सांगितलं की उजवीकडची बाजू लोण्यासारखी जायची. डावीकडे वळलं की मात्र काहीतरी बिघडायचं. मॅडम मध्येच ओरडायच्या, ‘‘फोटोवाले, विमान कुठंय?’’ आणि तो आकाशात शोधत राहायचा. आवाज यायचा, यंत्र नाही दिसायचं. मग घाईघाईने स्क्रीन बघायचा, स्क्रीनवर त्याचा अंदाज घ्यायचा, आणि नेमकं तेव्हाच मॅडम त्याला पकडायच्या.

‘‘स्क्रीन! परत स्क्रीन! अहो, तुम्हाला फ्रेमचं व्यसन लागलंय. दरवर्षी तुमच्यासारखे चार फोटोवाले येतात, सगळ्यांना हेच. शेतीवाले बघा, त्यांना स्क्रीनवर काय आहे याची पर्वाच नाही.’’

शेतीवाले खूश झाले. फोटोग्राफरलाही ते पटलं. सवयच ती. लग्नमंडपात तो आख्खं जग त्या चौकटीतूनच पाहत आला होता, आता चौकटीबाहेर कसं बघवणार? घरी त्याने सवय मोडायचा सरावही केला. गॅलरीत उभं राहून डोळ्यांनी पाखरांचा पाठलाग केला. बायको म्हणाली, समोरच्या इमारतीतल्या बायकांनी पडदे लावलेत, आता पुरे.

परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा मॅडमनी त्याच्यावर जालीम उपाय केला. त्यांनी काळा कागद घेतला आणि रिमोटवरची स्क्रीन चिकटपट्टीने पूर्ण झाकून टाकली.

‘‘आता व्यसन करायला काही नाहीच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फक्त आकाश. मी शेजारी दुसरा रिमोट घेऊन उभी आहे, घाबरू नका. चढवा.’’

त्याने चढवलं. यंत्र समोर स्थिर झालं. त्याने उजवीकडे नेलं, परत आणलं, अगदी सफाईने. मग डावीकडे नेलं. त्याची नजर समोरच होती, मान स्थिर, स्क्रीन झाकलेली. यंत्र सरकत गेलं आणि एका जागी आलं तेव्हा जणू कुणी ते उचलून खिशात घातलं. आकाश होतं. गवत होतं. मोजणीवाले उभे होते. यंत्र नव्हतं.

‘‘विमान कुठंय?’’

त्याने मान झटकन डावीकडे वळवली तेव्हा ते दिसलं, आणि दिसलं ते झाडांच्या रांगेच्या फार जवळ. मॅडमनी तोवर स्वतःच्या रिमोटवर ताबा घेतला होता. त्यांनी ते शांतपणे आणून गवतावर टेकवलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

बाकीच्यांना पुढचा सराव देऊन त्या त्याला शेडजवळ बाजूला घेऊन आल्या. ‘‘स्क्रीन तर बंद होती,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘म्हणजे सवय नाही ही. मी उगाच तुम्हाला बोलत होते. डॉक्टरांनी डोळे तपासले होते ना?’’

‘‘शेवटची ओळ वाचलीय मी. दोन्ही डोळ्यांनी.’’

‘‘ते समोरचं. बाजूचं तपासलं का? समोर बघत असताना कडेला काय दिसतं ते?’’

‘‘माझे डोळे उत्तम आहेत,’’ फोटोग्राफर म्हणाला. शेडमध्ये बायकोने लॅपटॉप मिटला होता.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच बायको म्हणाली, ‘‘आरसा कुठल्या बाजूचा तुटतो?’’

‘‘आता ते काय मध्येच?’’

‘‘चहाचा कप मी तुमच्या डाव्या हाताला ठेवला की तो सांडतो. उजव्या हाताला ठेवला की नाही सांडत. किती वर्षांपासून मी उजवीकडेच ठेवतेय. मला वाटायचं, वेंधळे आहात.’’ सिग्नल हिरवा झाला, तिने गिअर टाकला. ‘‘वेंधळे नाही आहात हो तुम्ही.’’

परवा परीक्षा आहे, ती होऊन जाऊ दे, मग बघू, एवढंच तो म्हणाला. आणि मनातल्या मनात त्याने एक युक्तीही जुळवली होती: अंगच थोडं डावीकडे वळवून उभं राहायचं. मग यंत्र सुटणार नाही. परीक्षकाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मॅडमचा निरोप आला, वारा मर्यादेबाहेर आहे, आज मैदान बंद. फोटोग्राफरला हायसं वाटलं. बायकोने गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाली, ‘‘मोकळे आहात ना? मग चला.’’ पुढं त्याचं काही चाललं नाही.

नेत्ररुग्णालयातल्या त्या अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्याला आडवं धरावं तसं. हनुवटी टेकवायची, समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या ताईंनी समजावून सांगितलं आणि आधी त्याचा डावा डोळा झाकला.

उजव्या डोळ्याचा खेळ त्याला आवडला. इथं दिवा, तिथं दिवा, टक्, टक्. प्रकाश टिपणं हा तर त्याचा धंदाच होता. मग ताईंनी पट्टी उजव्या डोळ्यावर लावली. त्याने हनुवटी टेकवली, बटण हातात घट्ट धरलं आणि पिवळ्या ठिपक्याकडे बघत वाट पाहिली. ठिपका स्वच्छ दिसत होता. भोवती शांत, पांढुरकं, सगळीकडे सारखं. एखाद-दुसरा दिवा ठिपक्याला खेटून चमकला, तो त्याने दाबला. मग काहीच नाही. तो वाट पाहत राहिला. मान अवघडली.

‘‘ताई,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘यंत्र अडकलंय वाटतं. सुरू करा ना.’’

‘‘काका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘टेस्ट संपत आली.’’

खोलीच्या कोपऱ्यात बायको बसली होती. तिला वाडग्यावरचे दिवे दिसत नव्हते. पण तिने ते वाक्य ऐकलं आणि पदराचं टोक मुठीत आवळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलायला स्पष्ट होत्या. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो, आणि मधला भाग शेवटपर्यंत ठेवतो; म्हणून अक्षरांचा तक्ता माणूस शेवटपर्यंत वाचतो. डाव्या डोळ्याची कड जवळजवळ सगळी गेली होती.

‘‘इतकी गेली आणि मला कळलं कसं नाही?’’ त्याने विचारलं.

‘‘एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. आणि तुम्ही काय काम करता?’’

‘‘फोटोग्राफर.’’

‘‘व्ह्यूफाइंडरला कुठला डोळा लावता?’’

‘‘उजवा.’’

‘‘आणि डावा?’’

‘‘मिटतो,’’ तो म्हणाला. उभा जन्म मिटलेलाच डोळा तो. दिवसातला अर्धा वेळ त्याने तो स्वतःहून बंद केला होता. मग तो खरोखरच बंद होत गेला हे त्याला कोण सांगणार?

‘‘गेलेलं परत येत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण नीट ऐका. उजव्या डोळ्यातही सुरुवात झालीय, नाकाकडच्या बाजूला. म्हणून तुमची डावीकडची वस्तू दोन्ही डोळ्यांतून निसटते. आता थेंब सुरू केले, वेळेवर घातले, तपासत राहिलो, तर उजवा राखता येईल. तुम्ही अजून दोन-तीन वर्षांनी आला असता, तर मी हे वाक्य बोलू शकले नसते. कशासाठी तपासायला आलात तुम्ही?’’

‘‘ड्रोनच्या लायसन्ससाठी,’’ बायको म्हणाली.

‘‘ते मात्र माझ्या सहीने मिळणार नाही.’’

परीक्षेच्या दिवशी वारा पडला होता आणि मैदान असं लख्ख होतं की फोटो काढावा. रात्रभर त्याने स्वतःशी भांडण केलं होतं. जुना दाखला संस्थेच्या फाइलीत होताच, त्यावर शिक्का होता, तारीख ताजी होती. डोळ्यांच्या बाईंनी काही त्याच्या मागे माणूस लावला नव्हता. अंग डावीकडे वळवून उभं राहिलं की झालं. हॉटेलवाल्या बाईंना कागद हवा होता, कागद मिळाला असता. बायकोने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. तिने फक्त थेंब घातले, आणि पुढचा डोस किती वाजता ते सांगितलं.

मॅडम परीक्षकाबरोबर उभ्या होत्या. फोटोग्राफर त्यांच्याकडे गेला. रस्त्यात त्याने बरीच वाक्यं तयार केली होती. तोंडातून निघालं ते निराळंच.

‘‘मॅडम, मला विमान दिसत नाही.’’

आपण ‘विमान’ म्हटलं हे त्याच्या आणि मॅडमच्याही लक्षात आलं. मॅडमनी त्याने पुढं केलेला नेत्ररुग्णालयाचा कागद बघितला, तो परत दिला, आणि परीक्षकाला सांगितलं की हे उमेदवार आज उडवणार नाहीत. मग त्या त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या त्या करड्या आवाजाचं काय झालं होतं कोण जाणे. ‘‘त्या झाडांपलीकडे रस्ता आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शाळा सुटली की मुलं जातात तिथून. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत.’’

तो शेडमध्ये जाऊन बसला आणि रडला. लपवलं नाही, लपवायचं त्राणही नव्हतं. बायको शेजारी बसली. समोर शेतीवाले आपलं विमान चौकोनात फिरवत होते, चारही बाजू सारख्या.

‘‘संपलं,’’ तो म्हणाला.

‘‘काय संपलं?’’ ती म्हणाली. ‘‘आठवडाभर इथं बसून मी काय फक्त अल्बम जुळवले? तो शेतीवाला बघा, वळताना विमानाचं शेपूट सावरत नाही. मॅडम आता ओरडतील.’’

मॅडम ओरडल्या.

त्याने डोळे पुसले आणि बायकोकडे पाहिलं. नीट, मान वळवून पाहिलं, कारण ती त्याच्या डावीकडे बसली होती.

पुढच्या तुकडीत ‘फोटोवाली’ म्हणून तिने नाव घातलं. दाखल्यासाठी बाजूच्या नजरेसकट दोन्ही डोळे तपासून घेतले. शाळेतल्या डॉक्टरमित्राला तर इतकी खंत लागली होती की त्याने तिचे कान, नाक, घसा, गुडघेसुद्धा तपासले. मैदानात तिला स्क्रीनचं व्यसन नव्हतंच. लेखी परीक्षेत मात्र ती हवामानाच्या प्रश्नांत अडखळली, आणि ते नवऱ्याने तिच्याकडून स्वयंपाकघरात पाठ करून घेतले. परीक्षेत ती पास झाली, काही दिवसांनी सर्टिफिकेट आलं. त्यावरचा तिचा फोटो नवऱ्याने काढला होता, आणि तो अजिबात चांगला आला नव्हता.

हॉटेलने तोवर वाट पाहिली. मॅनेजरबाई म्हणाल्या, कागद नीट असतील तर आम्हाला घाई नाही. टेकडी अर्धी हिरव्यात, अर्धी पिवळ्यात होती, म्हणून नियंत्रण कक्षाकडून दिवस, वेळ आणि उंची ठरवून परवानगी घेतली. पोलीस चौकीला कळवलं. यंत्रावर नोंदणी क्रमांक चिकटवला. आणि नियमांतच एक जागा होती, जी फोटोग्राफरने आधी वाचूनही पाहिली नव्हती: उडवणारा एक, कॅमेरा फिरवणारा दुसरा, दोघांकडे दोन रिमोट. कॅमेरा फिरवणाऱ्याला सर्टिफिकेट लागत नाही. मात्र शब्द चालतो तो उडवणाऱ्याचा.

हॉटेलच्या हिरवळीवर ती मान वर करून उभी राहिली आणि तो तिच्या उजव्या हाताला, स्क्रीनमध्ये डोकं घालून. आता त्याला कुणी रागावणार नव्हतं. ती विमान नेत होती, तो बघत होता. त्याला विमानाचा आवाज येत होता, विमान कुठं आहे हे माहीत नव्हतं, आणि पहिल्या काही मिनिटांत ते त्याला सहन होईना.

‘‘कुठंय?’’

‘‘तळ्यावर. डावीकडे. दिसतंय मला.’’

थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘कुठंय?’’

‘‘दिसतंय मला हो.’’

मग त्याने विचारणं सोडलं. सूर्य खाली आला. तळ्यावर तो उजेड उतरला, ज्याच्यासाठी माणसं वर्षभर थांबतात. त्याने कॅमेरा हळूहळू वर उचलला. पाणी, पायऱ्या, हॉटेलची पांढरी भिंत, सगळं आपापल्या जागी येऊ लागलं. अजून जरासं. भिंत सोनेरी व्हायला लागली होती. असा शॉट त्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘हेलिकॉप्टरचा आवाज येतोय. खाली आणते.’’

‘‘थांब! पाच सेकंद. फक्त पाच. दूर असेल ते.’’

‘‘असेल.’’

‘‘अगं, एवढी फ्रेम...’’

‘‘खाली आणतेय मी,’’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिची नजर वरच होती, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

कॅमेऱ्याचं चाक त्याच्या बोटाखाली होतं. त्याने ते सोडलं. स्क्रीनवरची सोनेरी भिंत वर वर सरकली आणि चौकटीबाहेर गेली, पायऱ्या गेल्या, पाणी गेलं, तेव्हा त्याने डोकं वर काढलं. टेकडीमागून हेलिकॉप्टर आलं, त्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ खालून आलं, आणि धडधडत तळ्यावरून निघून गेलं. त्या वेळी त्यांचं विमान गवतावर होतं, पंखे थांबलेले.

त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. रिकाम्या आकाशात ती अजून बघत होती. आणखी काही येतंय का, याची खात्री करत.

‘‘मला ते दिसलंच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पार जवळ येईपर्यंत.’’

‘‘माहितीय,’’ ती म्हणाली. ‘‘मी बघत होते ना.’’